आठवणीतला गुणतक्ता
"बाईंना अख्ख्या वर्गाचे गुण आठवतात, हे कथेत ओढूनताणून आणलंय."

आठवणीतून वर्गाचा गुणतक्ता पुन्हा लिहिणाऱ्या बाईंच्या एका कथेवरचा हा आक्षेप. मला नाही तसं वाटत. आईची गुणांची वही पुरात भिजून लगदा झाली, तेव्हा तिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तिनं कोऱ्या वहीत रकाने आखले, पण आधी गुण लिहिलेच नाहीत. हजेरी घेतल्यासारखी मोठ्यानं नावं म्हणत क्रमांक भरले. मग 'एकूण'चा रकाना, कारण पहिले पाच आणि काठावरचे तिला पक्के आठवत होते. उरलेलं वजाबाकीनं आलं. एकीचे ३०० पैकी २१२, त्यात मराठी ७८, परिसर ७१, म्हणजे गणित ६३. एका ओळीत दोन घरं रिकामी असली की ही युक्ती संपते; तिथं ती पेन्सिलीनं टिंब द्यायची.

एका मुलापुढे गणिताचे ३५ लिहिले आणि थांबली. खरे ३३, वरचे दोन तिनं वाढवलेले, लाल शाईत. मग मला लाल पेन शोधायला पिटाळलं! कथेतल्या बाईंच्या तक्त्यात एकही टिंब उरत नाही, मला खटकलं ते तेवढंच.