कट-ऑफनंतर आलेलं बिल आणि परत पाठवायची मेल: तुमचे अनुभव लिहा

खातेवही

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत पेयेबल्सला आहे. आमच्याकडे २५ तारखेपर्यंत आलेली बिलं पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या पेमेंटला जातात. २६ तारखेपासून व्हेंडरचे फोन सुरू होतात, "मॅडम, एकच दिवस झालाय, बसवा ना." नाही म्हणायची मेल मीच लिहिते.

आमचा जुना मसुदा दोन ओळींचा होता: "आपले बिल कट-ऑफनंतर प्राप्त झाल्याने नाकारण्यात येत आहे. कृपया पुढील महिन्याच्या तारखेचे नवे बिल सादर करावे." यातली दुसरी ओळ मला कायम खटकायची. हल्ली मी काय लिहिते ते एका खऱ्या बिलावरून सांगते. नाव काढलंय, मेल इंग्रजीत गेली होती.

कॅलिब्रेशनचं काम. १८ जूनला काम पूर्ण झालं, आमच्या माणसाची सर्व्हिस रिपोर्टवर सही त्याच दिवशीची. बिल २० जूनचं, ८४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९,१२०. माझ्याकडे आलं २८ जूनला संध्याकाळी. व्हेंडर सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला, पीओत ४५ दिवस. नेहमीच्या हिशेबाने हे बिल १० ऑगस्टला गेलं असतं. पण १८ जूनपासून ४५ दिवस मोजले तर २ ऑगस्ट येतो. म्हणजे आमचं धोरण पाळलं की सूक्ष्म-लघु व्हेंडरचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा मोडतो. सूक्ष्म आणि लघु व्हेंडरसाठी आमच्याकडे २५ तारखेला एक मधला रन असतो, त्यात मी ते टाकून घेतलं. मेल अशी:

> नमस्कार, आपले २० जूनचे ९९,१२० रुपयांचे बिल आमच्याकडे २८ जूनला पोचले. जूनच्या सायकलची अंतिम तारीख २५ जून असल्याने ते १० जुलैच्या पेमेंटमध्ये घेता येणार नाही. बिलात कोणतीही चूक नाही. बिल क्रमांक व तारीख बदलू नये, नवे बिल पाठवू नये. हेच बिल आम्ही नोंदवत असून पेमेंट २५ जुलैच्या रनमध्ये होईल. यापुढील बिले खालील मेलआयडीवर थेट पाठवावीत. विभागाकडे दिलेले बिल आमच्याकडे पोचेपर्यंत प्राप्त झाले असे धरले जात नाही.

तुमच्याकडे ही मेल कशी जाते किंवा कशी येते? दोन्ही बाजूंचे अनुभव लिहा.

लेथवाला

मी घेणाऱ्या बाजूला आहे. भोसरीत शेड, तीन मशिनं. तुमच्या मेलमधलं "बिल क्रमांक व तारीख बदलू नये" हे वाक्य मी फ्रेम करून लावीन. आमच्या एका गिऱ्हाइकाची मेल दर महिन्याला ठरलेली: "रिजेक्टेड, लेट सबमिशन. १ तारखेचं बिल द्या." अहो, माल २९ ला त्याच बिलावर गेटमधून आत गेलाय. बिलाशिवाय माल हलत नाही, मग माल गेल्यावर त्याची तारीख कशी बदलू? आणि महिना उलटल्यावर सांगितलं तर आणखी मजा. ते बिल माझ्या जीएसटीआर-१ मध्ये चढलेलं असतं. आता क्रेडिट नोट काढा, नवं बिल काढा. आमचे कर सल्लागार त्याचे वेगळे पैसे घेतात. वर त्याच साहेबांचा फोन, "तुमचं जुनं बिल आमच्या २बी मध्ये का दिसतंय?" दिसणारच की, मीच टाकलंय!

नागपुरी संत्रं

आमच्याकडेही हेच. प्रवासाचं बिल २१ तारखेला टाकलं, एचआरचा कट-ऑफ २०. पुढच्या पगारात मिळेल अशी मेल आली. हॉटेलचे पैसे खिशातून गेले आणि क्रेडिट कार्डाचं व्याज मी भरलं. यावर कुठला कायदा लागतो का?

खातेवही

@नागपुरी संत्रं, तुम्ही कर्मचारी आहात, व्हेंडर नाही, त्यामुळे ४५ दिवसांचं हे प्रकरण तुम्हाला लागू नाही. तुमच्या कंपनीची प्रवास पॉलिसी बघा, बऱ्याच ठिकाणी पगाराबाहेरचा रन असतो.

उद्यमी माणूस

एक गोष्ट सगळ्यांना सांगतो. उद्यम सर्टिफिकेट असलं की कोणतंही बिल बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत द्यावंच लागतं, नाहीतर आयकरात समोरच्याचा खर्चच नामंजूर होतो. मी हार्डवेअर सप्लाय करतो. कट-ऑफची मेल आली की उत्तरात सर्टिफिकेट जोडतो. दोनदा पैसे चार दिवसांत आलेत.

ताळेबंद

पैसे आले हे छान झालं, पण त्यातलं अर्धंच बरोबर आहे. मी सीए आहे, व्हेंडर आणि कंपन्या दोघांची कामं करतो.

पहिलं, दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत. २००६ च्या एमएसएमई कायद्यात माल पोचल्याचा किंवा सेवा दिल्याचा दिवस धरतात. माल घेणाऱ्याने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तरच ती हरकत दूर झाल्याचा दिवस धरतात. म्हणून खातेवहींनी १८ जून धरला ते योग्य. आणि ४५ हा कमाल आकडा आहे, तोही लेखी करार असेल तर. करारच नसेल तर १५ दिवस. पीओवर काही न लिहिता "आमची पॉलिसी ४५ दिवसांची" असं मेलमध्ये म्हणणाऱ्या कंपन्या मी बघतो, त्यांना हे पटवणं कठीण जातं.

दुसरं, तुम्ही निव्वळ ट्रेडर असाल तर उद्यमची नोंद बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती आहे, उशिरा पेमेंटचं संरक्षण त्यात येत नाही. मध्यम उद्योगांनाही आयकराची ती तरतूद लागू नाही, फक्त सूक्ष्म आणि लघु.

तिसरं, खर्च कायमचा जात नाही. पैसे ज्या वर्षी दिले त्या वर्षी वजावट मिळते. त्यामुळे जूनचं बिल ऑगस्टमध्ये उशिरा दिलं तर आयकरात फारसं काही बिघडत नाही, व्याज मात्र सुरू होतं: बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. आणि ते व्याज खर्च म्हणून वजा करता येत नाही. खरा चटका वर्षअखेरीला. १० फेब्रुवारीला घेतलेल्या मालाचे ४५ दिवस २७ मार्चला संपतात. कट-ऑफ चुकला म्हणून तेच बिल १० एप्रिलला दिलंत की वजावट पुढच्या वर्षात गेली. उलट २० मार्चच्या मालाला ४ मेपर्यंत मुदत आहे, ते ३० एप्रिलला दिलं तरी मार्चला संपलेल्या वर्षातच वजावट मिळते. म्हणून मार्चमध्ये "पुढच्या सायकलला" ही मेल सरसकट पाठवू नका, आधी यादी काढा.

उद्यमी माणूस

म्हणजे माझं सर्टिफिकेट नुसतं दाखवायलाच? असो, पैसे येतायत तोवर मी जोडणार.

एसएपीवाली

"महिना बंद झाला, म्हणून बिल घेता येत नाही" हे कारण मेलमध्ये देतात ना, त्यावर जरा बोलते. आमच्या सिस्टीममध्ये बिलाला दोन तारखा असतात. एक डॉक्युमेंट डेट, म्हणजे बिलावरची. दुसरी पोस्टिंग डेट, म्हणजे पुस्तकात कधी चढलं ती. जूनचा पीरियड बंद असेल तर `MIRO` मध्ये डॉक्युमेंट डेट २० जून आणि पोस्टिंग डेट १ जुलै टाकून बिल व्यवस्थित बसतं. जूनचा खर्च तरतूद करून दाखवलेला असतोच. व्हेंडरकडून नवी तारीख मागायचं सिस्टीममध्ये काही कारण नाही, ती निव्वळ सवय आहे.

खरी गडबड बेसलाइन डेटमध्ये असते. पेमेंट टर्मचे दिवस तिथून मोजले जातात. काही ठिकाणी ती पोस्टिंग डेटवरून आपोआप येते. म्हणजे २८ जूनला आलेलं बिल १ जुलैला चढलं की सिस्टीमचे ४५ दिवस १५ ऑगस्टला संपतात, कायद्याचे २ ऑगस्टला. `F110` चा पेमेंट रन सिस्टीमची तारीख बघतो, त्याला १८ जूनची सही दिसत नाही. आम्ही सूक्ष्म-लघु व्हेंडरसाठी बेसलाइनला हाताने माल किंवा सेवा मिळाल्याची तारीख टाकतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय सापडला नाही.

मांडवीकाठ

गोव्यात हॉटेलांना भाजी-मासळी देतो. आमचं रोजच्या चिठ्ठ्यांवर चालतं, महिनाअखेर एकत्र बिल. एका हॉटेलची मेल यायची: "बिल ३ तारखेनंतर मिळाले." मी तर २ तारखेलाच किचनच्या स्टोअरमध्ये दिलेलं. स्टोअरकीपर म्हणे, "शेफची सही राहिली होती." आता मी बिलाच्या झेरॉक्सवर स्टोअरचा इनवर्ड शिक्का मारून घेतल्याशिवाय निघत नाही, आणि फोटो लगेच अकाउंट्सला. त्यामुळे खातेवही, तुमचं शेवटचं वाक्य मला टोचलं. विभागाने बिल दाबून ठेवलं तर भुर्दंड मी का सोसू?

खातेवही

@मांडवीकाठ, रास्त आहे. या कॅलिब्रेशनवाल्याचंही तसंच झालं होतं, बिल २० तारखेपासून मेंटेनन्सच्या ट्रेमध्ये पडून होतं. पण विभागाच्या ट्रेमधली तारीख धरायची तर मला कट-ऑफच उरत नाही. मधला मार्ग म्हणून मी मेलची प्रत त्या विभागाच्या प्रमुखाला टाकते. त्यानंतर ट्रे जरा लवकर रिकामे होतात.

लेथवाला

ताळेबंद साहेब, एक विचारू? ते व्याज कुणी मागितलेलं पाहिलंय का तुम्ही? सरकारी पोर्टलवर उशिरा पेमेंटची तक्रार टाकता येते हे मला माहीत आहे. पण टाकली की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला.

ताळेबंद

पाहिलंय, पण बहुतेक वेळा संबंध तुटल्यावर. चालू गिऱ्हाइकाकडे कोणी मागत नाही. मी सांगतो, व्याज मागू नका, पण कट-ऑफची मेल आली की साध्या भाषेत उत्तर द्या: माल अमुक तारखेला पोचला, चलनाची प्रत सोबत, आमच्या हिशेबाने मुदत अमुक तारखेला संपते, त्याआधीच्या रनमध्ये घ्यावं. ऑडिटच्या वेळी समोरच्याच्या फाइलमध्ये ते पत्र निघतं आणि त्यांचा ऑडिटर प्रश्न विचारतो.

एसएपीवाली

"बिल उशिरा आलं" अशी मेल १५ दिवसांच्या आत गेली तर ती लेखी हरकत धरली जाईल, म्हणजे दिवस थांबतील, असं आमचे लीगलवाले म्हणतात. खरंय का?

ताळेबंद

माझ्या मते नाही. हरकत माल किंवा सेवा स्वीकारण्याबद्दल हवी, कागद कधी पोचला याबद्दल नव्हे. पण याच्या उलट बाजू मांडणारे वकील मला भेटलेत, आणि बिलच नसेल तर पैसे कशाचे द्यायचे हा त्यांचा प्रश्न अगदीच पोकळ नाही. खातेवहींच्या मेलमध्ये "बिलात कोणतीही चूक नाही" असं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे त्यांना तरी हा बचाव उरत नाही. तुमच्या लीगलला हे आवडेल का?

खातेवही

आमच्या लीगलने ते वाक्य काढायला सांगितलं होतं. फायनान्स हेडनी ठेवलं. व्हेंडरला चूक नाही असं कळवलं नाही तर तो घाबरून दुसरं बिल पाठवतो आणि एकाच कामाची दोन बिलं सिस्टीममध्ये चढायचा धोका असतो, असं त्यांचं म्हणणं. लीगल अजून नाराज आहे.