मदत हवी आहे: द्राक्ष बागायतदारांना पाठवतो ते ईमेल वार्तापत्र कोणी उघडत नाही, विषयाची ओळ कशी लिहू?

रोपवाटिका_तासगाव
शनिवारी पुढचा अंक जायचाय, त्यामुळे जरा घाई आहे. तासगाव भागात आमची रोपवाटिका आहे, सोबत बागांना सल्लाही देतो. दर महिन्याला बागायतदारांना ईमेलने वार्तापत्र जातं. पूर्वी शंभरातले वीसेक जण उघडायचे, आता ११ वर आलंय. मजकुरात खोट नाही, लोक दुकानात आले की त्यातलंच विचारतात. फक्त आठ-दहा चांगल्या विषय-ओळी सुचवा. बाकी सगळं व्यवस्थित आहे.

मिरज_रोड
ईमेल कोण बघतंय दादा? व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढा. आमच्या ठिबकच्या दुकानाचा ग्रुप आहे, टाकलं की तासाभरात निम्म्यांनी वाचलेलं असतं.

रोपवाटिका_तासगाव
ग्रुप आहेच. त्यात सकाळी शुभेच्छा आणि दुपारी ट्रॅक्टर विकणे आहे. फवारणीचं वेळापत्रक चार तासांत वर निघून जातं. म्हणून तर ईमेल. कृपया विषयावर बोला.

पत्रपेटी
ओळी सुचवण्याआधी माहिती लागेल. गेल्या तीन अंकांच्या विषय-ओळी जशाच्या तशा टाका. पाठवणाऱ्याचं नाव काय दिसतं? आणि फोनवर विषयाच्या खाली जी फिकट ओळ येते, तिथे तुमच्या अंकात काय आलेलं असतं?

रोपवाटिका_तासगाव
तिन्ही ओळींची सुरुवात सारखीच: आमच्या संस्थेचं पूर्ण नाव, मग 'मासिक वार्तापत्र', मग अंक क्रमांक, आणि त्यानंतर खरा विषय. गेल्या वेळी तो 'फळछाटणीनंतरचे डाऊनी नियंत्रण व अन्नद्रव्य व्यवस्थापन' असा होता. पाठवणाऱ्याचं नाव info. फिकट ओळ आत्ता फोनवर बघितली: 'हा ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा'.

पत्रपेटी
मग बागायतदाराला काय दिसतं ते त्याच्या जागी बसून बघा. फोन उभा धरला की विषयाची साधारण तीस-पस्तीस अक्षरंच मावतात. मोठा फॉन्ट लावला असेल तर त्याहूनही कमी, आणि वय झालेली माणसं तो लावतातच. तेवढी जागा तुमच्या नावात आणि अंक क्रमांकात संपते. 'डाऊनी' हा शब्द त्याच्या नजरेला पडतच नाही. वर info आणि खाली 'येथे क्लिक करा'. तिन्ही जागांत बागेबद्दल एक अक्षर नाही, आणि प्रत्येक महिन्याचा अंक आधीच्यासारखाच दिसतो.

संस्थेचं नाव पाठवणाऱ्याच्या जागी न्या, ते तिथे ठळक दिसतं. अंक क्रमांक आतल्या मथळ्यात ठेवा. विषयाची ओळ शेताच्या स्थितीपासून सुरू करा:

विषय: पोंग्यात पाऊस? डाऊनीची फवारणी
फिकट ओळ: छाटणी सप्टेंबरअखेर झाली असेल तर आधी हे वाचा

विषयात जे सांगितलं ते फिकट ओळीत पुन्हा सांगायचं नाही. कोणासाठी आहे किंवा आत आणखी काय आहे, ते तिथे द्यायचं.

सांगलीवाडी
एवढं कशाला? सुरुवातीला 'तातडीचे!!' घाला. आमच्या पतसंस्थेच्या मेलला घालतो, सगळे उघडतात.

पत्रपेटी
पतसंस्थेचा मेल पैशाचा असतो, तो तसाही उघडला जातो. इथे आत अन्नद्रव्यांचा तक्ता निघाला तर पुढच्या महिन्यात खऱ्या डाऊनीच्या वेळीही कोणी विश्वास ठेवणार नाही. काही जण तर सरळ स्पॅमचं बटण दाबतील. त्या तक्रारी हजार पत्रांमागे तीनच्या खाली ठेवा असं जीमेलच सांगतं. यादी लहान असेल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनीही ही मर्यादा ओलांडली जाते.

कृष्णाकाठ
माझं मत वेगळं. उघडण्याचा आकडाच धरू नका. २०२१ मध्ये आयओएस १५ आल्यापासून ॲपलचं मेल ॲप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळे न वाचलेलं पत्रही उघडलेलं मोजलं जातं. आकडा खोटा आहे.

पत्रपेटी
ॲपलबद्दलचं म्हणणं बरोबर, पण त्याने आकडा फुगतो. यांचा उतरलाय. रोपवाटिका, एक सांगा: जीमेलमध्ये तुमचं पत्र उघडून अगदी तळाशी गेलात तर ते पूर्ण दिसतं, की मध्येच तुटून 'View entire message' असं येतं?

रोपवाटिका_तासगाव
तुटतं. बेदाणा सौद्याच्या दरांचा मोठा तक्ता घालायला लागल्यापासून. त्याचा विषय-ओळीशी काय संबंध?

पत्रपेटी
आकड्याशी आहे. पत्राचा मजकूर आणि कोड मिळून १०२ केबीच्या वर गेला की जीमेल पुढचं कापतं. उघडल्याची मोजणी एका बारीक न दिसणाऱ्या चित्रावर चालते आणि बहुतेक सेवा ते चित्र पत्राच्या शेवटी ठेवतात. कापलेल्या भागात ते गेलं, तर माणसाने वाचूनही नोंद होत नाही. देवनागरीचं एकेक अक्षर-चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून मराठी पत्र ही मर्यादा लवकर गाठतं. तेव्हा ११ मधली काही घसरण विषयाची नसून तक्त्याची असू शकते. तक्ता वेबपानावर ठेवून पत्रात फक्त दुवा द्या. नाहीतर नवी ओळ चालली की तक्ता निघाला म्हणून आकडा वाढला, हे तुम्हाला कळणारच नाही.

बेदाणा_भाव
तक्ता काढू नका हो! मी तुमचं पत्र त्याच्यासाठीच उघडतो. दिवाळीआधी शीतगृहातला माल काढायचा की नाही, त्यावर ठरवतो.

पत्रपेटी
हे महत्त्वाचं बोललात. रोपवाटिका, कोणत्या दुव्यावर जास्त क्लिक होतात?

रोपवाटिका_तासगाव
दरांच्याच. पण आमचं काम सल्ल्याचं आहे, दर शेवटीच राहणार.

पत्रपेटी
आत शेवटी राहू द्या, फिकट ओळीत पुढे आणा: 'बेदाण्याचे ताजे दर आणि छाटणीनंतरचं वेळापत्रक'. मेलचिंप वापरत असाल तर `Preview text` नावाचा रकाना आहे, तिथेच लिहा. स्वतःचा कोड असेल तर `<body>` नंतर लगेच हे:

```html
<div style="display:none;max-height:0;overflow:hidden">
बेदाण्याचे ताजे दर आणि छाटणीनंतरचं वेळापत्रक
&#847;&zwnj;&nbsp;&#847;&zwnj;&nbsp;
</div>
```

ती शेवटची चिन्हं पन्नासेक वेळा लिहा. नाहीतर ओळ लहान पडली की मागून 'येथे क्लिक करा' पुन्हा डोकावतं.

कृष्णाकाठ
निम्म्यांना एक ओळ, निम्म्यांना दुसरी पाठवून बघा. जिंकेल ती ठेवा.

पत्रपेटी
यादी किती मोठी?

रोपवाटिका_तासगाव
२,३०० च्या आसपास.

पत्रपेटी
म्हणजे एका बाजूला साडेअकराशे, उघडणारे सव्वाशे. एवढ्यात दोन टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. एकाला ११ आणि दुसऱ्याला १३ आले म्हणून निकाल लावू नका. एक तऱ्हा चार-पाच अंक चालवा आणि उघडण्यापेक्षा क्लिक बघा.

कृष्णाकाठ
चार-पाच अंक म्हणजे चार-पाच महिने. तोवर फळछाटणी संपून माल निघायला लागेल, हंगाम बदलला की वाचणारेही बदलतात. तुलना कशाशी करणार?

पत्रपेटी
मान्य. मासिक पत्राची ती अडचण आहेच. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचे क्लिक हाताशी असतील तर त्यांच्याशी ताडा, तेही ढोबळच.

जत_पूर्व
डॉगरिजची रोपं आहेत का? दर काय?

रोपवाटिका_तासगाव
@जत_पूर्व, आहेत, निरोप पाठवतो. @पत्रपेटी, तक्ता वेबपानावर हलवतोय, नाव पाठवणाऱ्याच्या जागी टाकलं. एक अडकलंय: काहींची छाटणी सप्टेंबरात, काहींची ऑक्टोबरअखेर. 'पोंग्यात पाऊस' दुसऱ्यांना लागूच नाही. त्यांना वेगळं पत्र पाठवू, की एकाच ओळीत दोघांना धरू? छाटणीची तारीख निम्म्या लोकांचीच नोंदलेली आहे.