वर्गणी संपल्यावर कनेक्टेड कार

>> "वर्गणी संपली की कनेक्टेड फीचर्स बंद. मग त्यासाठी वरचं मॉडेल घ्यावं का?"

माझ्या मते फक्त त्यासाठी नको. वर्गणी जाते ती गाडीतल्या ई-सिमवर चालणाऱ्या गोष्टींची: मोबाइलवरून एसी चालू करणं, लॉक, गाडी कुठे आहे ते बघणं. अँड्रॉइड ऑटो तुमच्या फोनच्या डेटावर चालतं, ते राहतं. रिव्हर्स कॅमेरा, टायर प्रेशरचा इशारा यांचाही वर्गणीशी संबंध नाही.

आमचं घर गुहागरकडे, डोंगराच्या कुशीत. सुरुवातीच्या फुकट वर्गणीच्या काळातच कळलं काय ते. घरात वायफाय, त्यामुळे अ‍ॅप झटकन उघडायचं. पण खाली माडांत उभ्या गाडीला रेंज नाही. 'एसी चालू' दाबलं की चक्र फिरत राहायचं, आणि नकाशावर गाडी अजून चिपळुणातच! आदेश गाडीच्या सिमपर्यंत पोचावा लागतो, आणि ते सिम आपल्याला बदलता येत नाही. अपघाताच्या एसओएस कॉललाही नेटवर्क लागतंच, घाटात त्यावर विसंबू नका.

टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी मागवा, रोजच्या जागी लावा आणि सेल्समनला त्याच्या अ‍ॅपवरून लॉक करायला सांगा. नूतनीकरणाचा आजचा दर लेखी घ्या. मुंबईत गाडी ठेवणाऱ्या माझ्या भावाने मात्र वर्गणी भरली, त्याला ट्रॅकिंग हवंच होतं.