मदत हवी आहे: ग्रीस पेन्सिलच्या इंटरपोलेशनमध्ये केसांची बट हनुवटीवर सरकते

ब्लेंडर 3.6 मध्ये डोकं वळवण्याचा छोटा शॉट करतोय, 24 फ्रेम्स प्रति सेकंद. बाह्यरेषा आणि रंग वेगळ्या लेयरवर आहेत. बाह्यरेषेच्या लेयरवर फ्रेम 1 आणि 13 अशा दोनच की आहेत. मधली चित्रं `Interpolate Sequence` ने, `Step` 2 ठेवून काढतोय.

मधल्या फ्रेम्समध्ये केसांची बट वितळत हनुवटीकडे जाते आणि हनुवटी वर चढते. शेवटचं चित्र मात्र बरोबर.

आधी वाटलं रेषांची दिशा उलटी असेल. `Flip Mode` बदलून पाहिला, पण त्याने फक्त कानाचा पीळ सुटला. मग लक्षात आलं: फ्रेम 1 मध्ये बट आधी काढली होती, 13 मध्ये हनुवटी आधी. जोड्या काढण्याच्या क्रमाने लागतायत. शिवाय नाक पहिल्या चित्रात एका रेषेत आहे, दुसऱ्यात दोन तुकड्यांत.

13 नंबरचं चित्र पुन्हा काढायचं नाहीये, मोठ्या कष्टाने जमलंय. `Arrange` ने एकेक रेष मागेपुढे करता येते, पण अशा चाळीसेक रेषा आहेत. प्रत्येक अवयवाला वेगळा लेयर नको, पुढे रंग भरताना गोंधळ होतो.

एडिट मोडमध्ये दोन्ही फ्रेम्समधल्या रेषा त्याच क्रमाने निवडल्या तर जोड्या त्याप्रमाणे लागतात का? आणि नाकासाठी पहिली रेष तोडावी, की दुसरीकडचे तुकडे सांधावेत?