चर्चा: डायल्यूटेड ईपीएस – न निघालेल्या शेअरसाठी आजची कमाई कमी का दाखवावी?

दीर्घकालीन भागधारक:
माझ्याकडे शेअर असलेल्या कंपनीने या वर्षी बेसिक ईपीएस, म्हणजे प्रतिशेअर कमाई, १२ रुपये आणि संभाव्य शेअरही धरून काढलेला डायल्यूटेड ईपीएस ११.०५ रुपये दाखवला आहे. निव्वळ नफा १२ कोटी, शेअर १ कोटी, कराचा दर २५ टक्के. कर्मचाऱ्यांकडे ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क देणारे १० लाख ऑप्शन आहेत आणि ते पूर्ण व्हेस्ट झालेले, म्हणजे वापरण्यास खुले झालेले आहेत. ती ठरलेली, म्हणजे एक्सरसाइज किंमत ६० रुपये आहे आणि शेअरचा वर्षभराचा सरासरी बाजारभाव १०० रुपये होता. शिवाय प्रत्येकी १० कोटींच्या परिवर्तनीय कर्जरोख्यांच्या दोन मालिका आहेत. ‘अ’ मालिकेवर ८ टक्के व्याज असून तिचे १० लाख शेअर होऊ शकतात. ‘ब’ मालिकेवर १२ टक्के व्याज असून तिचे ८ लाख होऊ शकतात. हा ११.०५ आला कोठून? आणि जे शेअर अस्तित्वातच नाहीत, त्यांच्यात माझी कमाई कागदावर का वाटली जावी?

ताळेबंद वाचक:
माझा आक्षेप नेमका उलट आहे. कंपनीने घट कमी दाखवली आहे. सगळे ऑप्शन आणि दोन्ही मालिका धरल्या तर २८ लाख शेअर वाढतात. रोख्यांचे रूपांतर झाल्यावर व्याज द्यावे लागणार नाही, म्हणून करोत्तर व्याजाचे ६० लाख आणि ९० लाख नफ्यात परत मिळवले, तरी १३.५ कोटी भागिले १.२८ कोटी म्हणजे १०.५५ रुपये होतात. भागधारकांसमोर हाच आकडा यायला हवा होता.

निवृत्त लेखापरीक्षक:
व्याज परत मिळवण्याचा आपला मुद्दा अचूक आहे, पण दोन ठिकाणी हिशेब घसरला आहे.

पहिले ठिकाण ऑप्शनचे. ऑप्शन वापरताना कर्मचारी कंपनीला ६० रुपये मोजतो, म्हणजे कंपनीकडे ६ कोटी येतात. आयएएस ३३ हे ईपीएसचे लेखा मानक असे गृहीत धरते की या पैशांतून सरासरी बाजारभावाने, म्हणजे १०० रुपयांना, ६ लाख शेअर घेता आले असते. जे ४ लाख उरतात ते जणू फुकट दिले गेले, आणि घट फक्त त्यांच्यामुळे होते. नफ्याचा आकडा येथे बदलत नाही, त्यामुळे १२ कोटी भागिले १.०४ कोटी म्हणजे ११.५४ रुपये.

दुसरे ठिकाण क्रमाचे आहे आणि तेथे चूक फार सहज होते. प्रत्येक साधनाची कसोटी बेसिक आकड्याशी लावायची नसते. जास्तीत जास्त घट करणारे साधन आधी घेऊन, प्रत्येक पायरीवर जो आकडा उरतो त्याच्याशी पुढच्या साधनाची तुलना करायची असते. ‘अ’ मालिकेत वाढणाऱ्या प्रत्येक शेअरमागे नफ्यात ६ रुपये परत येतात (६० लाख भागिले १० लाख), म्हणून ती आधी येते: १२.६ कोटी भागिले १.१४ कोटी, म्हणजे ११.०५. ‘ब’ मालिकेत प्रत्येक शेअरमागे ११.२५ रुपये परत येतात. हे १२ पेक्षा कमी असल्याने ती घट करेल असे वाटते, पण ११.०५ पेक्षा ते जास्त आहेत. ती मिळवली तर आकडा ११.०७ वर चढतो. संभाव्य शेअरमुळे आकडा सुधारलेला दाखवण्यास मानक परवानगी देत नाही, म्हणून ‘ब’ बाहेर राहते.

आता मूळ आक्षेपाकडे. हे भाकीत नव्हे, पण निव्वळ कल्पनाही नव्हे. त्या शेअरांवरचा हक्क आजच करार करून दिलेला आहे. तो वापरण्याचा निर्णय मात्र आपल्या हातात नाही.

ताळेबंद वाचक:
क्रमाचा मुद्दा पटला. तरीही ऑप्शनची पद्धत मला पटत नाही. सरासरी भाव १५० असता तर ६ कोटींत ४ लाखच शेअर आले असते आणि घट ६ लाख शेअरांची झाली असती. भाव ५५ असता तर घट शून्य, जणू ते १० लाख ऑप्शन नाहीतच. मुदत शिल्लक असलेला ऑप्शन भाव पडला म्हणून निकामी होत नाही, भागधारकावरची टांगती तलवार तशीच राहते. शिवाय कंपनीने तो बायबॅक केलेलाच नसतो. मंदीच्या वर्षात हा आकडा सर्वांत निर्धास्त दिसतो, हे मला धोकादायक वाटते.

एक कर्मचारी:
मी ज्या कंपनीत काम करतो, तिने वाटलेल्या ऑप्शनपैकी काही माझ्याकडेही आहेत. तिचा बेसिक आणि डायल्यूटेड ईपीएस दोन्ही उणे ५ रुपये आहेत. म्हणजे आमच्या ऑप्शनना काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ घ्यावा का?

निवृत्त लेखापरीक्षक:
नाही, ऑप्शनच्या किमतीबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. समजा ५ कोटींचा तोटा १ कोटी शेअरांत वाटला जात आहे. त्यात ४ लाख शेअर वाढवले तर प्रतिशेअर तोटा ४.८१ रुपयांवर येतो, म्हणजे चित्र उजळ दिसते. ते टाळण्यासाठी तोट्याच्या वर्षात ऑप्शन गणनेबाहेर ठेवतात आणि दोन्ही आकडे सारखे येतात. आकडे सारखे दिसले म्हणून हक्क वाटलेलेच नाहीत असे समजू नये. पुढे घट करू शकतील पण या वर्षी धरली नाहीत, अशी साधने ईपीएसच्या टिपेत सांगावीच लागतात. मूळ प्रश्नातली ‘ब’ मालिकाही तेथेच सापडेल.

भागधारकांनी ती टीप अवश्य वाचावी. पुढच्या वर्षी नफा १५ कोटी झाला आणि बाकी सारे तसेच राहिले, तर ऑप्शन आणि ‘अ’ धरून आकडा १३.६८ येतो. आता ११.२५ त्याहून कमी आहेत, म्हणून ‘ब’ आत येते आणि डायल्यूटेड ईपीएस १३.५२ होतो. बेसिकशी अंतर ९५ पैशांवरून १ रुपया ४८ पैशांवर जाते, आणि कंपनीने एकही नवा रोखा काढलेला नसतो.

दीर्घकालीन भागधारक:
रोख्यांबाबत माझा आक्षेप मी मागे घेते. ऑप्शनबाबत मात्र तो कायम आहे. ऑप्शनचा खर्च नफ्यातून आधीच वजा झालेला असतो. मग शेअरांची संख्याही वाढवणे म्हणजे एकाच गोष्टीचा भार दोनदा टाकणे नव्हे काय?

निवृत्त लेखापरीक्षक:
या शंकेची अंशतः दखल मानकाने घेतली आहे. ऑप्शन अजून व्हेस्ट व्हायचे असतील, तर खर्चात न आलेली रक्कम एक्सरसाइज किमतीत मिळवतात. ती प्रति ऑप्शन १५ रुपये असेल तर ६० ऐवजी ७५ धरायचे, आणि घट ४ लाखांऐवजी २.५ लाख शेअरांची होते. पूर्ण व्हेस्ट झालेल्या ऑप्शनना ही सवलत उरत नाही. माझ्या मते खर्च हा मिळालेल्या सेवेचा मोबदला आहे आणि वाढीव संख्या हा पुढच्या नफ्यातला वाटा आहे, म्हणून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताळेबंद वाचक:
येथे मी भागधारकताईंच्या बाजूने आहे. सेवेचा मोबदला त्या वाट्यानेच चुकवला असेल, तर ‘दोन वेगळ्या गोष्टी’ म्हणणे मला मान्य नाही. मी माझ्या हिशेबात खर्च नफ्यातून वजा झालेलाच ठेवतो आणि ऑप्शनसाठी वेगळी ओळ करतो: सरासरी भाव काहीही असो, सर्व शिल्लक ऑप्शन मूळ शेअरांच्या किती टक्के आहेत. या कंपनीत ते १० टक्के आहेत, आणि ११.०५ पाहून ते कोणाच्याही लक्षात येणार नाही.