गिल्गामेशच्या झुडपाला मराठीत काय म्हणावं?

पंचवटीकर: इथल्या वाचनगटासाठी गिल्गामेश महाकाव्याची अकरावी मृत्पट्टिका मराठीत आणतोय. पायांना दगड बांधून तो खोल पाण्यात उतरतो आणि एक काटेरी झुडूप वर आणतो. मी 'संजीवनी' लिहिलं. गटातल्या एका ताईंनी हरकत घेतली, की संजीवनीने मेलेला उठतो आणि इथे तर कुणी मेलेलं नाही. 'अमृतवल्ली' चालेल?

गोदाकाठ: अमृतवल्ली म्हणजे गुळवेल. आमच्या दारातल्या कडुनिंबावर चढली आहे. सासूबाई रोज काढा घ्यायच्या. हवी तर कांडी देते, पावसाळ्यात लगेच लागते.

जुनं_नाशिक: ताई, प्रश्न अनुवादाचा आहे. पंचवटीकर, 'अमृत'ही नको. त्या झुडपाचं नावच 'म्हातारा तरुण होतो' असं आहे. अमरत्वाची संधी आधीच गेलेली असते. सहा दिवस, सात रात्री जागं राहायचं होतं, तो बसल्या जागी झोपला. ही अट घालणारा, प्रलयातून वाचून अमर झालेला उतनपिश्तीम; त्याच्या बायकोने रोज एक भाकरी भाजून उशाशी ठेवली, म्हणून झोप नाकारता आली नाही. झुडूप ही निरोपाची भेट. म्हातारपण हटवणारं ते आपलं 'रसायन', च्यवनाची गोष्ट आठवा.

द्राक्षबाग: आमच्याकडे रसायन म्हटलं की फवारणीच डोळ्यांपुढे येते. लोक बोलतात तोच अर्थ खरा.

जुनं_नाशिक: म्हणून चरकाचा शब्द सोडून द्यायचा? मला पटत नाही.

मेनरोड: पण सगळ्यांचं अमृत शेवटीच का जातं? आपलंही घड्यातून इथे सांडलं. महाभारतातच आहे ते.

जुनं_नाशिक: आदिपर्वातल्या मंथनात थेंब सांडल्याचं नाही. तिथे गरुडाची गोष्ट पाहा. आईला दास्यातून सोडवायला तो अमृत आणतो, दर्भावर ठेवतो आणि नागांना म्हणतो, आधी स्नान करून या. ते जातात, तेवढ्यात इंद्र कुंभ उचलतो. नाग दर्भ चाटतात आणि जिभा चिरतात. गिल्गामेशही थंड पाण्यात आंघोळीला उतरतो, तेव्हा सापाला झुडपाचा वास लागतो. तिथे सापाला मिळतं, इथे नागांचं जातं. दोन्हीकडे हातातली वस्तू खाली ठेवली गेली ती स्नानासाठी.

मेनरोड: म्हणजे शुद्ध होऊनच घ्यायचं, हा नियम नडला.

जुनं_नाशिक: नागांबाबत हो, ते मंगलकार्य करूनच पिणार होते. गिल्गामेशचं तसं नाही. झुडूप उरुकला नेऊन आधी एका म्हाताऱ्याला खायला घालायचं आणि मग स्वतः खायचं, असं त्याने ठरवलेलं. लगेच खाल्लं असतं तर सापाला काय मिळालं असतं? आणि गोष्टीला तर साप कात का टाकतो हे सांगायचंय. झुडूप घेऊन जाताजाता तो कात टाकतो.

पंचवटीकर: 'कात टाकणे' मराठीत नव्याने उभं राहणंच आहे की! मग 'कातवेल' करू?

द्राक्षबाग: कात म्हटलं की मला पान आठवतं. शिवाय ते झुडूप आहे, वेल नाही.

गोदाकाठ: गुळवेलीची साल पण पापुद्र्यासारखी सुटते. कांडी कुणाला हवी आहे का?