स्मोक पॉइंटला मराठीत काय म्हणायचं?

दांडियाबाजारवाली: मंडळी, बिडाच्या तव्यावर पापलेट बाहेरून खरपूस आतून रसाळ कसं करायचं ते मराठीत लिहितेय, त्यात स्मोक पॉइंटला ‘धूम्रबिंदू’ लिहिलं तर सासूबाई म्हणे हे काय पंचांगातलं का? दुसरा शब्द सुचवा. आणि घरात फिल्टर्ड सिंगतेल आहे ते चालेल ना, शेंगदाणा तेलाचा २३० अंश सेल्सिअस असतो असं वाचलंय.

पोहेजलेबी: कोळसा लाल करून वाटीत ठेवा, वर तूप सोडा, झाकण. मस्त धूर लागतो.

दांडियाबाजारवाली: अहो तो धुंगार झाला! मला धूर नकोय, तेच तर विचारतेय 😄

तवापुराण: २३० च्या आसपास आकडा रिफाइंडचा आहे. फिल्टर्ड सिंगतेल साधारण १६० लाच धूर सोडतं, कारण त्यात दाण्याचे बारीक कण आणि फ्री फॅटी अ‍ॅसिड शिल्लक राहतात, जे रिफाइंड करताना काढून टाकतात. वास त्यामुळेच छान येतो, पण बिडाचा तवा मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं ठेवला की २०० च्या वर सहज जातो, मग मासा टाकायच्या आधीच डोळे चुरचुरतात आणि कड कडवट लागते. पापलेटाला रिफाइंड शेंगदाणा नाहीतर सूर्यफूल घ्या, चमचाभर पुरे. मासा कापडाने कोरडा टिपा, नाहीतर आच पाणी उडवण्यातच जाते आणि मासा भाजण्याऐवजी शिजतो. तेल पातळ होऊन तव्यावर लाटा दिसल्या की ठेवा, पहिला धूर दिसला तर गॅस कमी. वरून चव हवी तर उतरवल्यावर सिंगतेल सोडा.

साजूक: तूप वापरा ना, २५० पर्यंत चालतं. लोणी पण तेच.

तवापुराण: तुपाचं बरोबर, लोण्याचं नाही. लोण्यातलं दूध १५०-१७५ लाच करपतं, काळे ठिपके दिसतात ते तेच. आणि हो, पुऱ्या तळून उरलेलं तेल, रिफाइंड असलं तरी, लवकर धुरतं.

लष्करकर: ग्वाल्हेरात आम्ही राईचं तेल मुद्दाम धूर येईपर्यंत तापवतो, नाहीतर उग्रपणा जात नाही. मग तुमचा हा बिंदू चुकीचा कसा?

तवापुराण: चुकीचा नाही, तुम्ही तो ओलांडून आच कमी करता. भाजताना मात्र तेल तिथेच राहतं. उग्रपणा घालवायला धूर यायलाच हवा का यावर माझं नि आमच्या आत्याचं अजून पटत नाही.

साजूक: शब्दाचं राहिलंच. ‘धूरांक’?

दांडियाबाजारवाली: तो बटाट्याच्या वाणासारखा वाटतो. मी सरळ ‘तेलाला धूर सुटायची उष्णता’ लिहिते, लांब आहे पण सासूबाईंना कळलं.

लष्करकर: धूम्रबिंदूच ठेवा हो, वापरला की रुळतो.